पेन्सिलीच्या खुणा

माझ्या पिशवीत नेहमी दोन पेन्सिली असतात, दोन्ही टू-बी. एच-बी फिकट उमटते आणि रेकॉर्डिंगच्या बूथमधल्या पिवळ्या दिव्याखाली ती रेघ दिसतच नाही. पेन मी वापरत नाही, कारण आपण केलेली खूण चुकली हे पहिला टेक ऐकल्याशिवाय कळत नाही आणि पेनाने केलेली चूक पुसता येत नाही. खोडलेल्या खुणेवर परत खूण केली, की वाचताना डोळा तिथे हमखास अडखळतो. डोळा अडखळला की जीभही अडखळते.

आवाज देण्याचं काम मी गेली काही वर्षं करते आहे. माहितीपट, संग्रहालयांतले ध्वनिमार्गदर्शक, अधूनमधून एखादी जाहिरात. लोकांना वाटतं, आवाज चांगला असला की झालं. आवाज असतोच, तो देवाने दिलेला. मोबदला मिळतो तो कागदावर कुठे थांबायचं हे आधी ठरवून ठेवल्याचा. ही गोष्ट मला एका छोट्याशा कामाने नीट शिकवली. लोणारवरचा सात मिनिटांचा माहितीपट होता. त्यातला एकच उतारा इथे सांगते, कारण त्या पंचावन्न शब्दांवर मी आणि आमचे रेकॉर्डिस्ट काका जवळजवळ तासभर होतो.

उतारा असा होता:

"लोणारचं सरोवर एका विवरात आहे. या विवराचा व्यास सुमारे 1.8 किलोमीटर आहे. हे विवर ज्वालामुखीनं नव्हे, तर उल्केच्या आघातानं तयार झालं आहे. सरोवराचं पाणी खारट आणि अल्कधर्मी आहे. जे पाणी गावकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हिरवट पाहिलं होतं, ते पाणी जून 2020 मध्ये अचानक गुलाबी झालं आणि देशभरातले कॅमेरे लोणारकडे वळले. हॅलोआर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आला होता."

चित्राची लांबी 36 सेकंद. मिनिटाला साधारण 110 शब्द हा माझा माहितीपटाचा वेग, म्हणजे नुसते शब्द 30 सेकंदांत संपणार. उरलेले सहा सेकंद माझे. ते कुठे खर्च करायचे हा खरा प्रश्न होता, कारण खुणा करणं म्हणजे शेवटी ही शांतता वाटणंच असतं. सगळीकडे थोडी थोडी वाटली तर कुणालाच पुरत नाही.

घरी बसून मी पहिली फेरी केली ती अंकांची. बूथमध्ये अंक वाचायला लागले की मेंदूला भाषांतर करावं लागतं आणि तेवढ्यात लय जाते. म्हणून प्रत्येक अंकाला गोल करायचा आणि वर अक्षरांत लिहायचं. 2020 वर 'दोन हजार वीस' लिहिलं. 1.8 चं काय करायचं? 'एक पूर्णांक आठ दशांश' हे गणिताच्या बाईंसारखं वाटतं, 'एक पॉइंट आठ' बातम्यांसारखं. मी समन्वयकांना फोन केला, म्हटलं, 'पावणेदोन किलोमीटरहून थोडा अधिक' चालेल का? ते म्हणाले, चालेल. पावणेदोन या शब्दाला मराठी कानात आकार असतो. दशांशाला नसतो. अशी बदलाबदल आपल्या मनाने कधी करायची नाही, हे मात्र नियमासारखं. मजकूर ज्यांचा, त्यांना आधी विचारायचं.

दुसरी फेरी जीभ अडकेल अशा शब्दांची. 'हॅलोआर्किया' मी तोडून लिहिलं: हॅ-लो-आर्-किया. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी हे सूक्ष्मजीव त्या पाण्यात शोधले होते, त्यामुळे शब्द चुकीचा उच्चारला असता तर तो नेमका कळणाऱ्यांनाच कळला असता. मराठीत आणखी एक गोची असते: च आणि ज चे दोन दोन उच्चार. लिपीत ते दिसत नाहीत. 'जग' म्हणजे दुनिया, यात ज तालव्य. 'जग रे' म्हणताना तोच ज दंततालव्य. 'चार' आणि 'चारा' यांतला फरक गावाकडचं मूलही चुकत नाही. पण सपाट वाचनाच्या ओघात, विशेषतः शहरात वाढलेल्या माझ्यासारखीच्या तोंडी, घसरण होते. असा शब्द आला की मी त्याच्या खाली एक ठिपका ठेवते. या उताऱ्यात त्याची गरज पडली नाही.

त्यानंतर विराम. इथे मला थोडं मागे जावंसं वाटतं. मोडीत लिहिलेले कागद कधी पाहिलेत का? शब्दांमध्येसुद्धा जागा नसायची, विरामचिन्हं तर नाहीतच. वाचणारा अर्थाच्या आधाराने स्वतः थांबायचा. मराठी छापील गद्यात स्वल्पविराम वगैरे आले ते एकोणिसाव्या शतकात, आणि त्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. तेव्हापासून आपण स्वल्पविराम दिसला की थांबतो. पण तो स्वल्पविराम वाक्याची रचना डोळ्याला कळावी म्हणून दिलेला असतो, आणि श्वासाची सोय त्याहून वेगळी असते. दोन्ही जुळतात तेव्हा काम सोपं होतं. जुळत नाहीत तेव्हा पेन्सिल लागते.

'ज्वालामुखीनं नव्हे, तर उल्केच्या' हा तसाच प्रसंग. छापलेलं असतं 'नव्हे' नंतर स्वल्पविराम, मग 'तर'. पण बोलताना कुणी असं बोलत नाही. स्वयंपाकघरात आई म्हणते, 'मीठ नव्हे तर... साखर घातलीस तू.' थांबा येतो 'तर' च्या नंतर, कारण पुढचा शब्द ऐकणाऱ्याला नवा असतो. म्हणून मी स्वल्पविराम खोडला आणि रेघा अशा मारल्या: हे विवर / ज्वालामुखीनं नव्हे तर / उल्केच्या आघातानं तयार झालं आहे. एक तिरकी रेघ म्हणजे अर्धा क्षण, श्वास नाही. दोन रेघा म्हणजे श्वास. आणि जोर कुठे? नव्याने वाचायला लागलेले लोक 'नव्हे' वर घण घालतात, कारण नकार मोठा वाटतो. पण वाक्यात तुलना दोन नावांची आहे. जोर 'ज्वालामुखी' वर हलका आणि 'उल्के' वर पुरा. 'नव्हे' ला मी खालून कंस काढला. तो माझ्या लेखी 'इथे काही करू नकोस' असं सांगतो.

हा कंस माझ्या पानावर अधोरेखनापेक्षा जास्त वेळा दिसतो. जोर कुठे द्यायचा हे बहुतेक वेळा वाक्य स्वतःच सांगतं, त्यासाठी खूण लागत नाही. खूण लागते ती आपल्याला चुकीच्या जागी मोह होईल तिथे. लहानपणी वाईला मामांच्या घरी ऋग्वेदाची एक छापील संहिता पाहिली होती. अक्षरांच्या खाली आडव्या रेघा, काहींच्या डोक्यावर उभ्या. मामांनी सांगितलं होतं, खालची आडवी रेघ अनुदात्ताची, वरची उभी स्वरिताची. 'आणि उदात्त?' 'त्याला खूण नसते गं.' मला तेव्हा ते विचित्र वाटलं. जो मुख्य स्वर तोच कोरा! आता रोज तेच करते आणि मामांची आठवण येते.

पण त्या दिवशी सकाळी मला हे इतकं स्पष्ट नव्हतं. मी पान भरून टाकलं होतं. 'अचानक' खाली दोन रेघा, 'गुलाबी' खाली लाटेसारखी रेघ, 'देशभरातले' वर बाण, 'पिढ्यान्‌पिढ्या' ला ताण. कर्वे रस्त्याच्या एका बोळातल्या त्या तळमजल्यावरच्या स्टुडिओत मी पान स्टँडवर ठेवलं. तोंड आणि माइक यांत एक वीत, पॉप फिल्टर मधे, आणि माइक किंचित बाजूला, म्हणजे प-फ-भ चा वारा सरळ त्यावर जात नाही. लाल दिवा लागला. वाचलं. टॉकबॅकवरून काका म्हणाले, 'ताई, ऐकता का जरा?'

ऐकलं. आवाज स्वच्छ होता, शब्द स्वच्छ होते आणि ते ऐकणं दमवणारं होतं. प्रत्येक शब्द पुढे येऊन हात हलवत होता. काका एवढंच म्हणाले, 'तुम्ही गोष्ट सांगत नाही आहात. कागदावर काय काय लिहिलंय ते सांगताय.' मला राग आला. पंधरा मिनिटं फुकट गेली म्हणून आला की बरोबर बोलले म्हणून आला, आज सांगता येणार नाही.

आम्ही सुरुवात केली ती 'अचानक' पासून. क्रियाविशेषणांवर जोर देणं ही नटाची सवय. 'अचानक', 'फारच', 'हळूहळू', हे शब्द स्वतःच अभिनय करतात, त्यांना मदत लागत नाही. शिवाय ऐकणाऱ्याला या वाक्यात नवं काय मिळतं? पाणी आधीच्या वाक्यात येऊन गेलंय, म्हणून 'पाणी' सपाट. हिरवट आणि गुलाबी ही जोडी नवी. जोर त्या दोघांवरच, आणि 'हिरवट' वर कमी, कारण ते फक्त 'गुलाबी' साठी जागा करून ठेवतं. मी 'अचानक' खालच्या रेघा पुसल्या. 'गुलाबी' खालची लाटही पुसली आणि त्याच्या आधी एक तिरकी रेघ मारली. मराठीत जोर आवाज वाढवूनच द्यावा लागतो असं नाही. शब्दाच्या आधी किंचित थांबलं तरी तो उजळतो, आणि आवाज वाढवला की तो मीटरवर वर जातो, मग मिक्सिंगला बसलेला माणूस तो खाली दाबतो. म्हणजे केलेला जोर परत पुसलाच जातो. थांबा मात्र कुणी पुसत नाही.

आता श्वास. 'जे पाणी' पासून 'वळले' पर्यंत वीस शब्द आहेत. एका श्वासात जमतात, पण शेवटचे तीन शब्द कोरडे येतात आणि 'वळले' मधला ळ ऐकूच येत नाही. त्यामुळे मधे श्वास हवा, पण कुठे? 'जे पाणी... ते पाणी' ही मराठी रचना अशी आहे की पहिला अर्धा भाग ऐकणाऱ्याला हवेत धरून ठेवतो. 'होतं' या शब्दावर स्वर खाली गेला तर त्याला वाटतं वाक्य संपलं, आणि 'ते' आल्यावर तो गोंधळतो. म्हणून 'होतं' वर मी वर जाणारा छोटा बाण केला आणि त्याच्या पुढे दोन रेघा. स्वर वर धरून श्वास. तो श्वास नाकाने घ्यायचा, लहान, आणि पोटाने. खांदे उचलले तर आवाज बारीक होतो. मोठा, पुरा श्वास मी त्याआधी, 'अल्कधर्मी आहे' नंतर घेते. तिथे विचार खरंच बदलतो, म्हणून ऐकणाऱ्यालाही तो लागतो.

श्वास चुकीच्या जागी पडला आहे हे कसं ओळखायचं? हेडफोनमध्ये आपलं वाचन ऐकताना तो श्वास ऐकू येतो, एवढंच. नीट पडलेला श्वास ऐकू येत नाही, जरी तो तिथे असतो तरी. जोडून आलेल्या दोन विशेषणांच्या मधे घेतला, 'खारट आणि // अल्कधर्मी' असा, तर तो भयानक ऐकू येतो. एडिटर श्वास काढू शकतो, हे खरं. काही जण सगळेच काढतात आणि मग वाचणारी बाई पाण्याखाली बोलत असल्यासारखी वाटते. काका फक्त श्वासाचा आवाज कमी करतात, जागा ठेवतात. म्हणून जागा बरोबर असणं माझ्याकडे.

मराठीचा आणखी एक त्रास, आणि हा मला सगळ्यात मोठा वाटतो, म्हणजे 'आहे'. या उताऱ्यात पहिल्या चार वाक्यांचा शेवट 'आहे' ने होतो. क्रियापद शेवटी येतं म्हणून स्वर शेवटी खाली उतरतो, आणि चारही वेळा सारखाच उतरला की रुळांच्या सांध्यावरून जाणारी गाडी ऐकू यायला लागते. धाडधाड, धाडधाड. चौथ्या वाक्यापर्यंत ऐकणारा खिडकीबाहेर बघायला लागतो. मूळ मजकूर लिहिणाऱ्याला हे दिसत नाही, कारण वाचताना 'आहे' कुणाच्या नजरेत येत नाही. कानात येतं. मी बाण वेगवेगळे केले. पहिल्या 'आहे' वर आडवा बाण, म्हणजे स्वर सपाट ठेवायचा, कारण पुढचं 'या विवराचा' त्यालाच जोडलेलं आहे. दुसऱ्यावर किंचित उतार. तिसऱ्या वाक्याचा शेवट सैल सोडला, जोर आधीच 'उल्के' वर येऊन गेलाय, 'तयार झालं आहे' नुसतं वाहू द्यायचं. पुरा उतार फक्त चौथ्याला, 'अल्कधर्मी आहे' ला, कारण तिथे एक गोष्ट खरोखर संपते. असा एकच पुरा उतार ठेवला की त्याला वजन येतं.

राहिला तो सूर. बाणांनी सूर बदलत नाही, हे मला कळायला फार वेळ लागला. 'इथून उत्सुक', 'इथून गंभीर' असं समासात लिहिलं की मी ते शब्द अभिनयाने वाचते, आणि ते ऐकायला खोटं वाटतं. आता मी समासात माणूस लिहिते. पहिल्या चार वाक्यांपुढे लिहिलं 'भाची', म्हणजे सहावीत शिकणारी, नकाशा समोर घेऊन बसलेली. 'जे पाणी' पुढे लिहिलं 'शेजारीण', कारण ही बातमी जिन्यात सांगायची गोष्ट आहे. 'हॅलोआर्किया' पुढे परत 'भाची'. भाचीशी बोलताना मी आपोआप हळू बोलते, शब्द सुटे करते. शेजारणीशी बोलताना वेग वाढतो, स्वर थोडा वर येतो. दोघींच्या मधे आडवी रेघ. ती पूर्ण पानभर ओढलेली असते, कारण सूर त्या रेघेवरच, थांब्यात बदलायचा असतो. वाक्य सुरू झाल्यावर बदलला तर पहिले दोन शब्द जुन्याच सुरात येतात. तिथला श्वासही नव्या माणसासमोर घ्यायचा. काहीतरी सांगायला आलेल्या बाईचा श्वास वेगळा असतो, आणि माइक तो पकडतो.

तीन टेक झाले. दुसरा चांगला होता, पण 'गुलाबी' वर पेपर वाजला. मजकूर दोन पानांवर होता आणि वाक्य नेमकं पान उलटायच्या जागी आलं होतं. चूक माझी. मजकूर हातात आल्या आल्या मी पहिलं बघायला हवं होतं की कुठलंही वाक्य पानाच्या टोकाला तुटत नाही ना. आम्ही ते वाक्य दुसऱ्या पानावर परत लिहून घेतलं, दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली, स्टँडवर जुनी चादर टाकली. नुसत्या लोखंडी स्टँडवरून आवाज परत माइककडे उडी मारतो आणि स्वराला डब्यासारखा नाद येतो.

तिसऱ्या टेकला 35 सेकंद झाले. चित्र 36. काकांनी अंगठा दाखवला.

बारा दिवसांनी फोन आला. शेवटच्या वाक्यात बदल होता. 'सूक्ष्मजीवांमुळे हा रंग आला होता' ऐवजी 'सूक्ष्मजीवांच्या वाढीमुळे' असं करायचं होतं, आणि तेवढाच तुकडा बदलायचा होता. मला वाटलं, पाच मिनिटांचं काम. पण पहिलं रेकॉर्डिंग सकाळी अकराला झालेलं, हे संध्याकाळी सहाला. संध्याकाळचा माझा आवाज अर्धा स्वर जाड असतो. तुकडा बसवला आणि 'हॅलोआर्किया नावाच्या' पर्यंत एक बाई, पुढे तिची मोठी बहीण. काकांनी सकाळचा टेक हेडफोनमध्ये तीनदा ऐकवला आणि मग पूर्ण वाक्य, आधीच्या वाक्यातल्या 'वळले' पासून, परत वाचायला लावलं. नुसता तुकडा कधीच मिसळत नाही. त्याला थोडी धाव घ्यायला मागून यावं लागतं. तरी जुळेना. शेवटी दुसऱ्या दिवशी सकाळी आले. त्या दिवसापासून प्रत्येक पानाच्या डोक्यावर मी लिहिते: वेळ, माइकपासून अंतर, आदल्या रात्री किती झोप, आणि चहा घेतला की नाही. चहा घेतला की घशात चिकट होतं आणि 'ळ', 'ल' ला टिचकी मारल्यासारखे आवाज येतात. सफरचंदाची एक फोड चावली की ते जातात.

त्या सकाळी शेवटी सगळं झाल्यावर काका म्हणाले, 'ताई, आता रूम द्या.' म्हणजे अर्धा मिनिट खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करायची. ती एडिटरला श्वास कापलेल्या जागी भरायला लागते. नुसतं शून्य भरलं तर आवाज भोकासारखा तुटतो. मी उभी राहिले. हलायचं नाही, पान वाजवायचं नाही, पोटातून आवाज यायला नको. समोर पान होतं. दोन रेघा, एक रेघ, कंस, बाण, 'भाची', 'शेजारीण'. नजर फिरता फिरता 'खारट आणि अल्कधर्मी' वर थांबली. तिथे 'आणि' च्या आधी एक तिरकी रेघ हवी होती. तिन्ही टेकमध्ये मी ती न थांबता वाचून टाकली होती, आणि ते वाक्य आता कुणी परत घेणार नव्हतं.

काकांनी काचेपलीकडून बोट वर केलं. मी पेन्सिल काढली आणि ती रेघ तरीही मारली.